जपानी शब्दांना मराठी खुंट्या: वाचताना आठवतात, ऐकताना नाहीत

केतकी_ठाणे

नमस्कार मंडळी. मी घरच्या घरी जपानी शिकते आहे. नोकरी अकाउंट्सची, त्यामुळे क्लासच्या वेळा जमत नाहीत. लोकलमध्ये मिळेल तो वेळ आणि रात्रीची भांडीकुंडी आवरली की तासभर, एवढाच अभ्यास. येत्या डिसेंबरला जेएलपीटी ह्या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-5 ही सगळ्यात सोपी पातळी द्यायची आहे.

शब्द नुसते घोकून माझ्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून प्रत्येक शब्दाला त्याच्यासारखा ऐकू येणारा मराठी शब्द शोधते आणि दोन्हींचं मिळून एक वाक्य करते. मी त्याला खुंटी म्हणते. काही खुंट्या अशा:

'उशी' म्हणजे गाय. गाय उशी घेऊन झोपली.
'तोरा' म्हणजे वाघ. वाघाचा तोरा बघा.
'सुरु' म्हणजे करणे. काम सुरू कर.
'सुकी' म्हणजे आवडतं. मला सुकी मासळी आवडते.
'नेको' म्हणजे मांजर. मांजर नको.
'कासा' म्हणजे छत्री. छत्री नाही, जाणार कसा?
'कामी' म्हणजे केस. केस कमी झाले.

कार्डावर लिहिलेला शब्द दिसला की अर्थ लगेच आठवतो. अडचण ऐकण्यात आहे. सरावाच्या ऑडिओत "मला मांजर आवडतं" हे अगदी सोपं वाक्य होतं आणि त्यातला एकही शब्द मला सापडला नाही. लिखाण बघितल्यावर कळलं की सगळे शब्द माझ्या ओळखीचे होते. खुंट्यांची पद्धतच ऐकण्यासाठी निकामी आहे, की माझ्या खुंट्या चुकीच्या बसल्यात?

विनायक_कोल्हापूर

ताई, पद्धत एक नंबर आहे, सोडू नका. मी दोन-तीनशे शब्द असेच केलेत. माझं ऐका, रोमन लिपीत लिहा आणि मराठीत वाचा. 'kawa' म्हणजे नदी, "नदीला पाणी कवा येणार?" आमच्याकडं असंच बोलतात, त्यामुळं विसरायची भीतीच नाही. 'ana' म्हणजे भोक, कारण जुन्या आण्याला मधे भोक असायचं. ऐकायचं म्हणाल तर त्याला फक्त सवय लागते. रोज कानावर पडू द्या, आपोआप येतं.

अण्णा_सातारा

विनायकराव, भोक आण्याला नव्हतं, पैशाला होतं. 1943 ते 1947 च्या काळातला तो तांब्याच्या रंगाचा भोकाचा पैसा. आमच्या वडिलांच्या डब्यात दोऱ्यात ओवलेले होते. आण्याची कड नागमोडी असायची आणि मधे भोकबिक काही नव्हतं.

मला मात्र दुसरंच वाटतं. 'सुरु' आणि आपलं सुरू, 'उशी' आणि उशी, एवढं साम्य योगायोगाने कसं येईल? बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत शब्द जपानला गेलेच होते. मूळ एकच असणार. ते मूळ शोधलंत तर पाठांतराची गरजच उरणार नाही.

पर्वती_पायथा

मी पुण्यात बरीच वर्षं जपानी शिकवते. केतकीताई, तुमचा प्रश्न नेमका आहे. विनायक, सवय लागते हे खरं, पण खुंटीच चुकीच्या आवाजाची असेल तर सवय त्या चुकीच्या आवाजाची लागते आणि कान खऱ्या आवाजाला परकाच मानत राहतो.

मांजराचंच बघा. जपानीत पाचच स्वर आहेत: आ, इ, उ, ए, ओ. आपला 'अ', म्हणजे 'नको'तल्या 'न'मधला किंवा 'कमी'तल्या 'क'मधला, त्या भाषेत नाहीच. रोमनमध्ये 'a' दिसला की मराठी माणूस सवयीने कुठे अ वाचतो, कुठे आ. 'kami' डोळ्याला 'कमी' दिसतं, पण जपानी माणूस 'कामी' म्हणतो. 'kasa' 'कसा' दिसतं, तो 'कासा' म्हणतो. 'kawa' म्हणजे कवा नव्हे, कावा. आणि 'नेको'मध्ये तर स्पष्ट ए आहे, म्हणजे 'नको' तिथे पहिल्याच अक्षराला सुटतं. ताई, शब्द तुम्ही देवनागरीत बरोबर लिहिलेत. खुंटी मात्र डोळ्याने निवडली आहे, म्हणून ती डोळ्यालाच आठवते.

तेव्हा खुंटी निवडताना पहिली अट ही की तिच्यात अ नको. ह्या अटीने तुमच्या उशी, तोरा, सुरू, सुकी ह्या चार तशाच राहतात. बाकीच्या बदलूया. कामी: "कागद कामी आला." हो, कागदालाही कामीच म्हणतात. कासा: "छत्रीविना जीव कासावीस." कावा: "नदी ओलांडून गनिमी कावा." आणि नेकोसाठी एकच शब्द शोधत बसू नका, दोन शब्दांचे तुकडे चालतात: "मांजराला ने को-पऱ्यात." 'ने को' जोडून म्हणा, दोनदा म्हणा, मग ऑडिओ लावा.

अण्णा, बौद्ध वाटेने गेलेले शब्द आहेत हे खरं. 'दान'वरून तिकडे 'दान्ना' आला, आधी दान देणारा आणि पुढे मालक, नवरा अशा अर्थाने. यमाचा 'एन्मा' झाला. त्यांच्या 'काना' लिपीचा आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रमसुद्धा आपल्या वर्णमालेच्या अभ्यासातूनच गेलेला आहे. पण 'सुरु' त्यातला नाही. आपलं सुरू फारसीतल्या 'शुरू'वरून आलं आणि ते मूळ अरबी. जपानी 'सुरु' त्यांचं स्वतःचं क्रियापद. उशीचंही तेच, निव्वळ योगायोग. खुंटीला मात्र योगायोग पुरतो.

विनायक_कोल्हापूर

म्हणजे पैशाचं भोक माझं चुकलं. पण 'आना'ची खुंटी आता काढू का ठेवू?

पर्वती_पायथा

ठेवा की. आवाज जुळतो. ण आणि न यांचा फरक जपानी करत नाहीत, त्यामुळे तिथे अडत नाही. चित्र मात्र खरं करा. जपानच्या 5 येन आणि 50 येनच्या नाण्यांना मधोमध भोक असतं. "ते भोकाचं नाणं इकडे आणा." आता 'आणा' हे क्रियापद झालं आणि जुन्या नाण्यावरून कुणी वादही घालणार नाही.

मंदार_नागोया

मी इथे कारखान्यात आहे, गाड्यांच्या सुट्या भागांच्या. माझा अनुभव जरा वेगळा. मला खुंट्या कधी लागल्याच नाहीत. पहिल्या आठवड्यात मी फोर्कलिफ्टच्या वाटेत उभा होतो आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आबुनाइ!" म्हणजे धोका, सांभाळ. तो शब्द जन्मात विसरणार नाही. इथे बाप्ये तर "आबुनेऽ" असंच ओरडतात. मशीन सुरू करायच्या आधी बोट दाखवून "योशी!" म्हणावं लागतं, तेही पहिल्याच दिवशी पाठ झालं. मला वाटतं शब्द प्रसंगातून यावा, खुंट्या शोधण्यात वेळ जातो.

अर्थात ठाण्यात बसून फोर्कलिफ्ट कुठून आणणार, हेही आहेच. ज्यांना लागेल त्यांच्यासाठी: "आबू, नाय!" असं आबू नावाच्या पोराला ओरडतोय अशी कल्पना करा. आणि 'इताइ', म्हणजे दुखतंय, ह्याला "इथं, आई!" इतकी चपखल खुंटी दुसरी नसेल.

केतकी_ठाणे

पर्वतीताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे नेको आणि कामी बदलून ऐकलं. नेको त्या वाक्यात लगेच सापडला! पण 'सुकी' अजून सापडत नाही. तिथे अ नाही, खुंटी तर बरोबर आहे. ऑडिओ चार वेळा मागे नेऊन ऐकला. मला "वाताशी वा नेको गा" एवढं कळतं आणि मग काहीतरी "स्कीदेस" येतं. बर्फावरच्या खेळाचं वाक्य आहे की काय असं वाटतं.

पर्वती_पायथा

तुमचा कान अगदी बरोबर ऐकतोय. ते 'सुकी देसु'च आहे.

गळ्यावर बोट ठेवा आणि 'स' लांबवा, मग 'क' म्हणा. बोटाला कंप जाणवत नाही. आता 'ग', 'म', 'र' म्हणा, तिथे जाणवतो. जपानीत इ किंवा उ अशा दोन कंप नसलेल्या व्यंजनांच्या मधे सापडला की तो स्वरही कंप गमावतो. तोंडाचा आकार उ-चा होतो, तेवढा वेळही दिला जातो, पण आवाज कुजबुजीपुरता राहतो. 'सुकी'तला उ हा स आणि क यांच्या मधे अडकलाय, म्हणून तुम्हाला 'स्की' ऐकू आलं. 'देसु'मधला उ शेवटी आहे आणि त्याच्या आधी स आहे, म्हणून तोही विरतो, 'देस' राहतं. टोकियोकडच्या बोलण्यात हे फार, आणि परीक्षेच्या ऑडिओतही तेच. ओसाका-क्योतोकडे उ जरा जास्त ऐकू येतो.

म्हणून सुकी मासळी ठेवा, फक्त म्हणताना 'सु' कुजबुजत म्हणा: "मला स(उ)की मासळी आवडते." पाच-सहा वेळा असं म्हटलं की कान स्वतःहून 'स्की'ला मासळीकडे नेईल.

आता ह्याच्यापुढचं, ह्यात आपला फायदा आहे. चंद्राला 'त्सुकी' म्हणतात. पुस्तकात 'त्सु' असं जोडाक्षर बघून मुलं घाबरतात. पण आपण मराठीत 'चूक' म्हणतो तेव्हा तो च कुठला? 'चिमणी'तला च वेगळा आणि 'चूक'मधला वेगळा. 'चूक', 'चूल', 'चुना' ह्यांच्यातला च म्हणजे जवळजवळ जपानी 'त्सु'च. हिंदीतला च वेगळा असल्यामुळे हिंदीभाषक मुलांना हा आवाज वेगळा शिकवावा लागतो. आपल्याला फक्त सांगावं लागतं की तो तुमच्या तोंडात आधीपासून आहे. तेव्हा त्सुकी म्हणजे 'चुकी', 'चुकीचा'मधली: "चंद्र बघायला चुकीचा दिवस निवडला, अमावास्या निघाली." इथेही उ दोन कंप नसलेल्या व्यंजनांत सापडलाय, तेव्हा ऐकू येणार 'च्की'. तशीच म्हणून ठेवा.

ज-चंही तसंच आहे. 'जीव'मधला ज आणि 'जुना'मधला ज. 'मिझु' म्हणजे पाणी, त्याच्यासाठी "मी जु-न्या आडाचं पाणी पितो." 'मी जु' एवढंच पकडा.

विनायक_कोल्हापूर

हे च-चं मला कधी लक्षातच आलं नव्हतं. मी आजवर 'त्सुनो', म्हणजे शिंग, 'तसुनो' असं वाचत होतो. आता "बैलाच्या शिंगाला चुना लावला" करतो. शेवटी ओ आहे आणि माझ्या चुन्यात आ आहे, चालेल?

पर्वती_पायथा

पहिली दीड अक्षरं घट्ट जुळली तर शेवट थोडा सैल चालतो, कारण शब्द आठवायला सुरुवातच लागते. 'चु-न' मिळालं की 'त्सुनो' तोंडात येतो. उलट सुरुवात सैल आणि शेवट घट्ट असेल तर खुंटी हाताला लागत नाही.

शुभा_नाशिक

मी नवीन आहे. माझा मुलगा सातवीत आहे, त्याला शाळेत जर्मन आहे. त्याच्यासाठी अशी मराठी खुंट्यांची यादी कुठे मिळेल का? आणि एन-5 चा फॉर्म कधी निघतो?

केतकी_ठाणे

शुभाताई, जर्मनचं मला सांगता येणार नाही, इथे जपानीचंच चाललंय. एन-5 भारतात जुलै आणि डिसेंबर अशी दोनदा असते, फॉर्म त्याच्या काही महिने आधी निघतात. केंद्राच्या संकेतस्थळावर बघत राहा.

पर्वतीताई, आणखी दोन प्रश्न आहेत. एक, 'कामी' म्हणजे केस, कागद आणि देव असे तीन अर्थ दिसतात. तिन्हींचं मिळून एकच चित्र करू का? म्हणजे देवाने कागदावर केस ठेवले वगैरे? दुसरं, 'कुत्सु' म्हणजे बूट. मी "कुत्र्याने बूट पळवला" अशी खुंटी केली. ऐकताना बरोबर येते. पण बोलायला गेलं की गडबड होते. कुत्रा दिसला की तोंडात 'कुत्सु' येतं, आणि कुत्र्याचा खरा शब्द 'इनु' बाजूलाच राहतो.

पर्वती_पायथा

बुटाचं आधी. खुंटीतली ठळक वस्तू ही स्वतःच शब्दसूचीत असेल तर ती दुसऱ्याची जागा बळकावते. कुत्रा, मांजर, पाणी, हात हे सगळे एन-5 चे शब्द आहेत. त्यांना दुसऱ्याच्या खुंटीवर बसवू नका. 'कुत्सु'ला कुत्रा नको, 'कुत्सित' घ्या: "फाटके बूट बघून तो कुत्सित हसला." कुत्सित हा शब्द एन-5 मध्ये येणार नाही, त्यामुळे भांडण नाही. तुमच्या 'वाघाचा तोरा'मध्येही हाच गुण आहे, तोरा ही वस्तू नाहीच.

आणि वाक्य अर्थापासून सुरू करा. "मांजराला ने को-पऱ्यात" ह्यात आधी मांजर येतं, मग आवाज. बोलताना तुम्ही मांजरापासून निघणार आणि शब्दाकडे जाणार, वाक्यही त्याच दिशेने चालायला हवं. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नाही, लिहिण्याचीही नाही, सगळे पर्याय निवडायचे असतात. म्हणून पुष्कळजण जपानीकडून मराठीकडे एवढ्या एकाच दिशेने कार्डं करतात आणि पास झाल्यावर तोंड उघडत नाही. मंदारसारखं कारखान्यात उभं राहायचं असेल तर उलटी कार्डंही करा.

कामीचं म्हणाल तर एकत्र चित्र अजिबात नको. बोलण्यात जपानी माणसंच ह्यावर उपाय करतात. केसांना पुष्कळदा 'कामी नो के' म्हणतात आणि देवाला 'कामीसामा'. तेव्हा नुसता 'कामी' कागदाला द्या, कामी आलेला कागद. बाकीचे दोन पूर्ण रूपातच शिका, त्यांना वेगळी खुंटी लागत नाही.

मंदार_नागोया

'हाना'चं काय करायचं? फूल पण हाना आणि नाक पण हाना. नाकासाठी "नाकावर हाणा" मस्त बसतं. इथले लोक म्हणतात की दोन्हींचा सूर वेगळा आहे. मला इतकी वर्षं राहूनही एकसारखंच ऐकू येतं.

पर्वती_पायथा

नुसते म्हटले तर एकसारखेच वाटतात. पुढे 'नेको गा'मधला 'गा' लावून ऐका. दोन्हींत 'हा' खाली आणि 'ना' वर. फूल असेल तर 'गा' खाली पडतो, नाक असेल तर 'गा' वरच राहतो. मराठीत सुराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे खुंटीत हे अडकवताच येत नाही. इथे पद्धतीची हद्द आहे. एन-5 ला वाक्यावरून कळतं, बोलण्यासाठी मात्र कानच तयार करावा लागतो.

दुसरी हद्द लांबीची. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशीच्या वयाची बाई, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. 'युकी' म्हणजे बर्फ, 'युऽकी' म्हणजे धैर्य. आपण र्‍हस्व-दीर्घ लिहितो, पण बोलताना फारसं पाळत नाही, म्हणून मराठी कान इथे गाफील असतो. आमच्या वर्गात लांब स्वरापुढे अवग्रह लिहायची आणि तिथे टेबलावर एक जादा टिचकी मारायची पद्धत आहे. ओ-बा-सा-न चार टिचक्या, ओ-बा-आ-सा-न पाच.

अण्णा_सातारा

टिचक्यांचं आवडलं. नातवाबरोबर करून बघतो.

केतकी_ठाणे

ताई, रविवारभर बसून सगळी कार्डं बदलली. पुढच्या बाजूला आता लिखाण ठेवलंच नाही, फक्त आवाज. मागे जपानी शब्द, अर्थ आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात खुंटी. 'काओ', चेहरा, ह्याला "चेहरा का उतरलाय, का ओ?" केलं. 'शिओ', मीठ, ह्याला "मीठ किती घातलंय, शी ओ!" 'सामुइ', थंडी, ह्याला "थंडी पडली, सामु-दायिक शेकोटी पेटवा." तिन्ही ऐकून ओळखू येतात. खुंटी कधी काढून टाकायची असते का?

पर्वती_पायथा

तिन्ही उत्तम. 'शी ओ' तर मी उद्या वर्गात वापरणार.

काढायची कधी, तर आवाज ऐकल्यावर शेकोटी न दिसता थेट थंडी आठवली की. ते होत नसेल, दर वेळी शेकोटीवरून वळसा पडत असेल, तर तो शब्द वाक्यात पुरेसा भेटलेला नाही. त्या शब्दाची दोन-तीन साधी वाक्यं कार्डात टाका. ऑडिओ थांबत नाही. तुम्ही शेकोटीपाशी असता तोवर पुढचे तीन शब्द निघून गेलेले असतात.

विनायक_कोल्हापूर

माझा एक शेवटचा. 'नेरु' म्हणजे झोपणे. माझा भाऊ नवी मुंबईत असतो, त्याच्यासाठी केलेली खुंटी: "झोपला तो नेरूळ गेलं तरी उठला नाही." पण वाक्यात 'नेमासु' येतं, 'नेते' येतं. 'रु' गायबच. मग नेरूळ कुठून आठवणार?

पर्वती_पायथा

बरोबर पकडलंत. ह्या जातीच्या क्रियापदांत 'रु' गळतो आणि 'ने' तेवढा टिकतो. म्हणून मी क्रियापदांना खुंटी देतच नाही. 'नेमासु, नेरु, नेते' असा तिन्ही रूपांचा घोष करून घेते.

मंदार_नागोया

मला हे पटत नाही. शब्दकोशात 'नेरु'च सापडतो आणि इथे मित्रांत बोलताना 'नेरु'च ऐकू येतो. एक रूप पक्कं असेल तर बाकीची त्याच्यावरून करता येतात. नेरूळ राहू दे.

पर्वती_पायथा

'नेरु'पुरतं तुमचं चालेल. पण 'काएरु', परत जाणे, हाही 'रु'नेच संपतो आणि त्याचं 'काएमासु' होत नाही, 'काएरिमासु' होतं. नेरूळवरून हे दोघं वेगळे आहेत हे कसं कळणार?

मंदार_नागोया

त्याला "घरी परत काय रे?" करा. 'काय रे'मध्ये र शाबूत आहे, म्हणून 'काएरिमासु'तही र राहतो. नेरूळमधला मात्र सोडायचा.

केतकी_ठाणे

मी सध्या दोन्ही करून बघते. ज्या क्रियापदांत र टिकतो त्यांच्या खुंटीतला र लाल अक्षरात लिहीन, गळतो त्यांचा फिका. 'नेरूळ'मधला 'रू' आत्ताच फिका केला.